कमळ आणि कमळे

पहिलीचं वाचन : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण म, क, ळ, ब, द, र, स, प एवढी अक्षरं, काना आणि एक मात्रा इथवर आलो होतो. मुलं आता ही अक्षरं ओळखतात. बोट ठेवलं की बरोबर म्हणतात. तरीही फळ्यावर शब्द लिहिला की गाडी अडते.

माझ्या वर्गात एकदा मी 'बदक' लिहिलं. सहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ब... द... क." मी विचारलं, "मग कोणता शब्द झाला?" ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "बगळा." तिचं एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. अक्षरांमधली जागा रिकामी राहिली होती, ती तिनं चित्रानं भरून काढली.

ही जागा रिकामी का राहते? आपण सुटं 'क' म्हणतो तेव्हा त्यात 'अ' मिसळलेला असतो. 'बदक' म्हणताना मात्र शेवटच्या 'क'मधला 'अ' गळतो आणि तोंडातून 'बदक्' असं येतं. मूल तिन्ही अक्षरं जशीच्या तशी प्रामाणिकपणे जोडायला गेलं तर 'बदकऽ' असं काहीतरी तयार होतं, आणि ते त्यानं घरात, शेतात, ओढ्याकाठी कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नसतं. मोठ्यांच्या कानाला हा गळणारा 'अ' जाणवतही नाही. म्हणून आपण पुन्हा पुन्हा सांगतो, "अरे, ब-द-क, बदक!" मुलाला मात्र या दोन्हींत काय नातं आहे ते दिसत नाही.

म्हणून जोडणीची सुरुवात तीन सुट्या अक्षरांपासून करू नये. काना असलेल्या दोन अक्षरी शब्दापासून करावी. 'साप' घ्या. 'सा' म्हणा आणि आवाज तोडू नका. साऽऽऽ असा लांबवत बोट सावकाश उजवीकडे सरकवा. बोट 'प'खाली आलं की ओठ मिटा. ओठ मिटले की शब्द संपला, 'प' वेगळा म्हणायचाच नाही. मुलांना हे शरीरानं कळतं. 'काम', 'बाप', 'माप' यांतही शेवटी ओठच मिटतात, म्हणून पहिल्या आठवड्यात हेच शब्द पुरेसे आहेत. 'मासा', 'मासे' मध्येच वाचायला दिले की मुलं सहज वाचतात, कारण तिथे शेवटचा स्वर गळत नाही.

आवाज न तोडता जोडण्याचा फायदा इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या लहान मुलांबाबत अभ्यासला गेला आहे. सेलेनिड गोन्झालेझ-फ्रे आणि लिनिया एरी यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ध्वनी एकमेकांत सरकवत वाचायला शिकलेली मुलं अनोळखी शब्द जास्त चांगले वाचू शकली. प्रत्येक ध्वनी थांबत थांबत म्हणून मग जोडणाऱ्या मुलांना ते तितकंसं जमलं नाही. थांबलं की पहिला ध्वनी विसरतो. मराठीत त्यात 'अ'ची भर पडते, एवढाच फरक.

आता पुन्हा 'बदक'कडे येऊ. तीन बिनकान्याची अक्षरं असली की आपण शब्द 'ब-दक्' असा म्हणतो, 'बद-क' असा नाही. 'कमळ' म्हणजे 'क-मळ्', 'पदर' म्हणजे 'प-दर्'. म्हणून असा शब्द मागून जोडायचा. 'ब' हातानं झाका. मुलाला 'दक' वाचू द्या, दोन-तीनदा, सलग. मग हात काढा : ब-दक, बदक. पुढून जोडायला लावलं तर 'बद' तयार होतं, त्यापुढे 'क' लोंबकळत राहतो, आणि मूल पुन्हा तक्त्याकडे बघतं.

याच अक्षरांना एक मात्रा लावा आणि बघा काय होतं. 'कमळे' आपण 'कम्-ळे' असं म्हणतो. शेवटच्या अक्षराला स्वर मिळाला म्हणून तो टिकला, आणि 'अ' गळायची पाळी मधल्या 'म'वर आली. 'बदके'चं 'बद्-के' होतं. म्हणजे हे शब्द पुढून जोडायचे : 'कम' वाचा, मग 'ळे'. 'कमळ' आणि 'कमळे' फळ्यावर खाली-वर लिहून वाचून घेतले की मुलांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल दिसतं ते मला फार प्रिय आहे. अक्षरं तीच, फक्त एक मात्रा आली आणि शब्द दुसरीकडून उघडला. चार बिनकान्याच्या अक्षरांचा 'परकर' मात्र सरळ दोन-दोन करून वाचता येतो : पर-कर. हा नियम शिक्षकानं आपल्याजवळ ठेवायचा, मुलांना सांगायचा नाही. त्यांना फक्त कुठे झाकायचं ते दाखवायचं. जोडाक्षरं आली की हिशेब बदलतो, पण ती अजून दूर आहेत.

रोजच्या तासातली दहा मिनिटं याला पुरतात. पहिली दोन मिनिटं फक्त कानाची. पुस्तक बंद, फळा कोरा. मी म्हणते "प... दर", मुलं म्हणतात "पदर". डोळ्यांनी जोडण्याआधी कानांनी जोडता येतंय का ते इथे कळतं. ज्याला हे जमत नाही, त्याला फळ्यासमोर उभं करून काही उपयोग नसतो. मग मिनिटभर अक्षरपट्ट्या. त्यानंतरची पाच मिनिटं बोट सरकवत चार-पाच शब्द, प्रत्येक शब्द आधी मी, मग सगळे, मग एक-दोन मुलं एकेकटी. उरलेल्या दोन मिनिटांत मी एक शब्द सांगते आणि मुलं पाटीवर लिहितात. 'साप' लिहिताना जो मुलगा 'सा' लिहून थांबतो, त्याच्या कानाला शेवटचा मिटलेला 'प्' ऐकूच आलेला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन मिनिटांत माझ्या ओठांकडे बघायला लावते.

चुका एकसारख्या दिसल्या तरी त्यांची कारणं वेगळी असतात. 'ब, द, क' म्हणून 'बगळा' म्हणणारं मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज करतं. त्याच्यासमोरची चित्रं काढा. 'बदक'ऐवजी नुसतं 'दक' म्हणणाऱ्याच्या मनातून सुरुवात निसटली. त्याला 'दक' जोडून झाल्याबरोबर लगेच 'ब' उघडून दाखवा. 'बदकऽ' म्हणून गप्प बसणारा जोडतो आहे, फक्त त्याला शेवट मिटवता येत नाही. तो सगळ्यात जवळ पोहोचलेला असतो, आणि नेमका त्यालाच आपण "चूक" म्हणून खाली बसवतो.

शुक्रवारी मी 'लमक', 'सबप' असे दोन निरर्थक शब्द देते. नवीन अक्षर असेल तर आधी ओळख करून देते, जसं इथे 'ल'. आधी सांगते की याला काहीच अर्थ नाही, हे एका माकडाचं नाव आहे. जे मूल 'कमळ' झटकन वाचतं पण इथे अडतं, त्यानं 'कमळ' चित्रासारखं लक्षात ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र जोडणीनं सुटत नाही. वऱ्हाडात किंवा खानदेशात घरी 'ळ'च्या जागी 'य' बोलणारी मुलं असतात, 'शाळे'ला 'शाया' म्हणणारी. असं मूल 'क-मळ' अगदी बरोबर जोडतं आणि तरीही थांबतं, कारण तयार झालेला शब्द त्याच्या ओळखीचा नसतो. तिथे मी विचारते, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मूल "कमय" म्हणालं की मी मान डोलावते आणि म्हणते, "तेच हे. पुस्तकात असं लिहितात." मग पुढच्या शब्दावर जातो.

पुढच्या लेखांकात पहिली वेलांटी, जी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर.