अंधारातच दिसणारा जंतू

लॅबमध्ये साधे बॅक्टेरिया अगारच्या प्लेटवर टाकले की दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके उगवतात. पण सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, तिथे वाढतच नाही. का माहितीये? १९९८ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला आणि कळलं, की बहुतेक अमिनो आम्लं आणि मेदाम्लं बनवायची यंत्रणाच त्याच्याकडे नाही. सगळं तो आपल्या शरीरातून आयतं घेतो.

मग ओळखायचा कसा? थेट बघून! पण त्याची जाडी जेमतेम ०.२ मायक्रोमीटर, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपच्या उजेडात तो हरवून जातो. डार्क-फील्डमध्ये मधला प्रकाश अडवतात आणि नमुन्यावर फक्त तिरपे किरण पडू देतात. जंतूवरून विखुरलेला प्रकाश तेवढा लेन्समध्ये शिरतो आणि काळ्या पडद्यावर गिरक्या घेणारी चमकती स्प्रिंग दिसते.

व्रणातला स्राव मात्र वीसेक मिनिटांत बघावा लागतो. हालचाल थांबली की ओळख पटवणं कठीण. तोंडातल्या व्रणाचा नमुना तर चालतच नाही, कारण तिथे असेच दिसणारे निरुपद्रवी जंतू राहतात.

आणि हे लक्षात ठेवा: स्लाइडवर काही दिसलं नाही, तरी सिफिलिस नाही असं ठरत नाही. हा व्रण सहसा दुखत नाही आणि आपोआप भरतो, जंतू मात्र शरीरात राहतो. म्हणून रक्ततपासणी हवीच.