चौकातली सिमेंटची खोली : पाडायची की ठेवायची?

जुन्या वास्तूंच्या जतनात सर्वांत कडाक्याचा वाद होतो तो नंतर जोडलेल्या भागांवरून. मूळ घर सुंदर, त्याला पुढे कुणीतरी चिकटवलेलं बांधकाम ओबडधोबड. मग ते काढून टाकायचं की राहू द्यायचं? या वादाची एक गोष्ट सांगतो. पात्रं आणि वाडा कल्पित आहेत. पण त्यांनी केलेल्या तपासण्या जुनी घरं तपासणारी माणसं खरोखर करतात.

पुण्यात नारायण पेठेत, मुठेपासून जवळच, एकोणिसाव्या शतकातला एक दुमजली वाडा. दगडी जोतं, सागवानी खांब, चारी बाजूंनी ओसरी आणि मधे फरसबंद चौक. मालकांना वाड्याची दुरुस्ती करायची होती, म्हणून दोन सर्वेक्षक पाहणीला आले. एक ज्येष्ठ, दुसरी त्यांच्या हाताखाली तयार झालेली तरुणी. चौकाच्या दक्षिण बाजूला ओसरीचे दोन खण गिळून एक सिमेंटची खोली उभी होती. वर काँक्रीटचा स्लॅब, आत न्हाणीघर आणि संडास, बाहेरून हिरवट ऑइलपेंट.

"हे आधी काढायचं," ज्येष्ठ म्हणाले. "तीन बाजूंना सुरूचे खांब आणि चौथ्या बाजूला हे! चौकाचा तोलच गेलाय. आत चौथी ओसरी दडलेली असणार, ती मोकळी करू."

"असणार म्हणजे, सर? आपण पाहिलीय का?"

जतनाच्या क्षेत्रातला हा जुनाच प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या चर्चमधले नंतरचे भाग काढून ती 'मूळ' रूपात आणण्याची लाट आली होती. तिला विरोध म्हणून इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. 1964 च्या व्हेनिस सनदेने या विषयात नियमच घालून दिला. इमारतीत सर्व काळांनी घातलेली भर मानायची. सगळी इमारत एकाच शैलीत आणणं हे उद्दिष्ट नाही. वरचा थर काढायचा तर तीन गोष्टी जुळायला हव्यात : निघणारं फारसं मोलाचं नसावं, खालून उघडं पडणारं मोठ्या मोलाचं असावं आणि ते चांगल्या अवस्थेत असावं. शिवाय हा निवाडा काम करणाऱ्या एकट्या माणसावर सोडायचा नाही.

ज्येष्ठांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिन्ही गोष्टी इथे जुळतात. तिचं म्हणणं होतं, की तिसरी अजून तपासलेलीच नाही.

मग तपासणी सुरू झाली. आधी सांधा पाहिला. एकाच वेळी बांधलेल्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात विटा एकमेकींत गुंततात. इथे मात्र जोत्यापासून स्लॅबपर्यंत सरळ उभी फट होती. वाड्याच्या विटा पातळ, चुन्यात बसवलेल्या. खोलीच्या विटा जाड, सिमेंटात. म्हणजे खोली नंतरची, यावर वाद उरला नाही. पण नंतरची म्हणजे केव्हाची? न्हाणीघराची एक फरशी उचलून हातभर खणलं, तेव्हा भरावाखाली बारीक, चिकट गाळाचा सलग थर लागला. चौकातल्या जुन्या फरसबंदीवर बसलेला.

"पानशेत," ज्येष्ठ म्हणाले.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंती भिजून असंख्य घरं कोसळली. गाळावर बांधलेली ही खोली त्या पुरानंतरची होती.

"म्हणजे पन्नास-साठ वर्षांची," ते म्हणाले. "वाड्याच्या मानाने कालची."

"सर, वर बघा." तिने ओसरीच्या तुळईकडे बोट दाखवलं. कडीपाटाचा सगळा भार पेलणारी ती सागवानी तुळई चौकाच्या तिन्ही बाजूंना खांबांच्या हस्तांवर टेकलेली होती. दक्षिणेला तिचं टोक थेट सिमेंटच्या भिंतीत शिरत होतं. "वरचा मजला या खोलीवर बसलाय. हिला आपण अडगळ म्हणतोय, पण ही टेकू आहे."

"टेकू लावून, खांब मोकळा करून भार परत त्याच्यावर देता येईल."

"खांब असेल तर."

शेवटी मालकांच्या परवानगीने आतल्या बाजूने, खांब असायला हवा त्या जागी, फूटभर गिलावा आणि चार विटा काढल्या. खाली दगडी तळखडा जागेवर होता. त्यावर वीतभर उंचीचा लाकडाचा बुंधा, कुजून भुसभुशीत झालेला. त्याच्यावर करवतीची आडवी खूण, आणि पुढे वरपर्यंत फक्त विटा. पुरात खांबाचा पाया भिजला, लाकूड कुजलं, तेव्हाच्या घरमालकांनी खांब कापून काढला आणि त्याच्या जागी भिंत घातली. ज्या ओसरीसाठी खोली पाडायची, ती ओसरी आत नव्हतीच.

आता नवा खांब कोरून बसवता आला असता. शेजारचे तीन खांब नमुन्याला होतेच. पण दक्षिणेचा खांब, त्याचे हस्त आणि महिरप तशीच होती, हे कुणाला सांगता येणार? त्याच सनदेत म्हटलं आहे, की जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनःस्थापना थांबली पाहिजे. खरी असलेली दुरुस्ती मोडून तिथे कल्पनेतली ओसरी उभी करणं, असा त्याचा अर्थ झाला असता.

म्हणून ज्येष्ठांचं सगळंच चुकलं असं नाही. त्यांनी खोलीला लागून असलेल्या जुन्या भिंतीवर हात ठेवला. चुन्याच्या गिलाव्याच्या भागात ओल गुडघ्यापर्यंत होती. जिथे खोली बांधताना जुन्या भिंतीवरही सिमेंटचा गिलावा ओढला होता, तिथे ती छातीपर्यंत चढली होती आणि वरच्या कडेला लोणा फुटला होता. याचं कारण साधं आहे. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. घट्ट सिमेंट आणि ऑइलपेंट तिला बाहेर पडू देत नाहीत, म्हणून ती वर वर सरकते आणि क्षार जिथे बाहेर येतात तिथे वीट झिजवतात. न्हाणीघराची गळकी मोरी त्यात भर घालत होती.

"हे तरी काढायचं की नाही?" त्यांनी विचारलं.

"हे आजच काढायचं, सर."

अहवालात दोघांनी मिळून लिहिलं : खोलीची भिंत आणि स्लॅब राहावा, कारण त्यावर वाड्याचा भार आहे आणि ती 1961 च्या पुराची या घरातली खूण आहे. जुन्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून चुन्याचा करावा. संडास आणि मोरी दुसरीकडे हलवावी. ऑइलपेंट खरवडून खोलीला साधा चुना द्यावा. तळखडा आणि बुंधा दिसेल अशी छोटी चौकट उघडी ठेवावी. ज्येष्ठांनी आपलं वेगळं मतही खाली नोंदवलं : पुढे कधी या ओसरीचं जुनं छायाचित्र सापडलं, तर निर्णयाचा फेरविचार व्हावा. तिने त्याला हरकत घेतली नाही. राखलेली खोली उद्याही पाडता येते. पाडलेली परत आणता येत नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचा मध्ययुगीन बुरूज प्राचीन वास्तूला शोभत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. आज तो फक्त चित्रांत आणि छायाचित्रांत उरला आहे.

तुमच्याही जुन्या घराला असं एखादं विद्रूप बांधकाम चिकटलेलं असेल, तर त्यावर घण घालण्याआधी तीन गोष्टी करा. तुळया कशावर टेकल्या आहेत ते पाहा. आत खरोखर काय उरलं आहे ते फूटभर उघडून पाहा. आणि जाणकार दोघांना दाखवून दोघांचीही मतं लिहून घ्या. कुरूपपणा आणि अपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपाय लगेच थांबवा. कुरूपपणाचा निकाल सावकाश लावा.