ताळेबंद जुळला, तरी उत्तर चुकलं

बारावी वाणिज्यचा पुस्तपालन व लेखाकर्माचा पेपर 80 गुणांचा आणि 3 तासांचा. त्यात भागीदारी संस्थेची अंतिम खाती सोडवताना सर्वाधिक वेळ जातो. जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसलं की दिसतं, संस्थेचं नाव आणि आकडे बदलतात. तेरजेखालच्या समायोजना मात्र फिरून फिरून त्याच. अखेरचा साठा, घसारा, अदत्त मजुरी, बुडीत कर्ज. म्हणून जुना पेपर एकदा सोडवून बाजूला ठेवायचा नसतो.

बुडीत कर्जाचंच बघा. तेरजेत ऋणको 40,000, बुडीत कर्ज 500 आणि जुना संशयित कर्ज निधी 1,200 आहे. समायोजना सांगते: आणखी 1,000 रुपये बुडाले, ऋणकोंवर 5 टक्के नवा निधी ठेवा. आधी बुडीत कर्ज खाते नावे, ऋणको खाते जमा, 1,000. उरलेल्या 39,000 वर निधी 1,950. नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला 500, 1,000 आणि 1,950 यांची बेरीज करून जुने 1,200 वजा केले की 2,250 येतात. ताळेबंदात ऋणको 37,050.

यातले 1,000 ऋणकोंमधून वजा केले, पण नफा-तोटा खात्यात घ्यायचे राहिले, तर मालमत्तेची बाजू नेमकी 1,000 ने कमी भरते. फरकाइतकी रक्कम समायोजनांमध्ये सापडली, तर आधी तिचा दुसरा परिणाम दिलाय का ते बघावं. फरकाच्या निम्मी रक्कमही शोधावी. 3,000 चा बँक अधिविकर्ष चुकून मालमत्तेत लिहिला, तर फरक 6,000 चा पडतो.

खरी फसवी चूक वेगळीच. घाईत 5 टक्के 40,000 वरच काढले, तर निधी 2,000 होतो. नफा 50 ने घटतो, ऋणकोही 50 ने घटतात आणि ताळेबंद बिनबोभाट जुळतो! विद्यार्थी समाधानाने पान उलटतो. जुळलेल्या ताळेबंदावर एवढा भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. ही चूक फक्त आदर्श उत्तराशी ओळन् ओळ ताडून पाहिल्यावरच सापडते.

दुसऱ्या फेरीत आख्खी खाती मांडायची गरज नाही. फक्त समायोजना घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे कोणत्या खात्यात काय आणि ताळेबंदात काय, एवढंच लिहावं. तिसरी फेरी घड्याळ लावून, पूर्ण. तोवर उत्तराचा आकडा पाठ झालेला असतो आणि हात त्या आकड्याकडे ओढला जातो. त्यावर उपाय म्हणजे प्रश्नातले आकडे स्वतःच बदलणं: 5 ऐवजी 3 टक्के, 1,000 ऐवजी 1,600. आता ऋणको 38,400, निधी 1,152, आणि नफा-तोटा खात्यात 2,052. पुढची समायोजना वाचण्याआधीच हे दोन्ही परिणाम न अडखळता लिहून झाले, तर तो प्रकार हातात बसला. अडखळला, तर उद्या पुन्हा तोच पेपर.