‘यामादा सामा’ मराठीत कसे लिहावे?

जपानी कंपनीच्या ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलची पहिली ओळ म्हणजे ग्राहकाचे आडनाव आणि त्यामागे ‘सामा’. ‘सान’ हे रोजच्या बोलण्यातले आदरार्थी पद सहकारी, शेजारी, ओळखीचे अशा कोणालाही लागते. ‘सामा’ त्याहून वरच्या पायरीचे. पत्र व्यक्तीला नसून कंपनीला किंवा विभागाला असेल, तर त्या नावापुढे ‘ओन्चू’ येते. एकाच नावाला ‘ओन्चू’ आणि ‘सामा’ दोन्ही लावणे चूक मानतात.

एक ईमेल उदाहरणादाखल घेऊ. यामादा हिकारू या ग्राहकाने मागवलेला सुटा भाग उशिरा पोहोचणार आहे. विक्रेती कंपनी ‘यामादा सामा’ असे लिहून क्षमा मागते आणि आपल्याकडचा ‘सातो’ उद्या फोन करेल, असे कळवते. सातो विभागप्रमुख असला तरी इथे त्याच्या नावामागे ‘सान’ येत नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरच्या माणसाला मान द्यायचा नाही, हा जपानी शिष्टाचाराचा पाया आहे. त्याच न्यायाने सही करतानाही स्वतःच्या नावाला ‘सान’ लावत नाहीत.

इंग्रजीत पहिली अडचण येते ती लिंगाची. ‘सामा’ स्त्री-पुरुष भेद करत नाही आणि ‘हिकारू’ हे नाव दोघांचेही असते. मिस्टर की मिज, हे ठरवायला मजकुरात काहीच आधार नसतो. अशा वेळी ‘डिअर हिकारू यामादा’ असे पूर्ण नाव लिहिणे सुरक्षित. जपानशी नित्य व्यवहार असलेल्या कार्यालयांत ‘डिअर यामादा-सान’ही चालते.

मराठीत ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ यांत तीच अडचण आहे. पण ‘यामादा हिकारू यांस, सप्रेम नमस्कार’ असे लिहिले की मान राहतो आणि लिंग उघड करावे लागत नाही. पुढे ‘आपण मागवलेला भाग’ असे लिहिता येते, कारण ‘मागवलेला’ हे रूप भागाप्रमाणे बदलते, ग्राहकाप्रमाणे नाही. ‘आपण आला होतात’ किंवा ‘आपण आल्या होतात’ अशी वाक्यरचना मात्र टाळावी लागते.

सातोच्या बाबतीत मराठीची रीत जपानीच्या उलट आहे. ‘आमचा सातो फोन करेल’ हे शब्दाला धरून असले, तरी मराठी वाचकाला त्यात सहकाऱ्याचा अवमान जाणवतो. जपानीत तसा भाव अजिबात नाही. म्हणून ‘आमच्या कंपनीतून सातो उद्या आपल्याला फोन करतील’ हे योग्य भाषांतर. ‘करतील’मुळे सातो पुरुष की स्त्री, हा प्रश्नही उरत नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून जपानीत जाताना, ‘करतील’मधल्या आदरापायी सातोला ‘सान’ चिकटवण्याचा मोह होतो. मसुदा तपासताना प्रत्येक नाव ग्राहकाच्या बाजूचे की आपल्या, हे आधी पाहिले की ही चूक लगेच सापडते.