पेनल्टी हुकते ती पावलं उचलण्याआधी

११ जुलै २०२१. लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि इटली-इंग्लंड लढत पेनल्टी शूटआउटवर गेली. इंग्लंडची पाचवी किक मारायला बुकायो साका पुढे आला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. गोल झाला असता तर लढत पुढे चालू राहिली असती. हुकला तर चषक इटलीचा. गोलरक्षक दोनारुम्माने त्याचा फटका अडवला. त्याआधी मार्कस रॅशफर्डचा चेंडू खांबावर आदळला होता आणि जेडन सँचोचा फटकाही अडवला गेला होता.

अशा पराभवानंतर ‘शूटआउट म्हणजे लॉटरी’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण किक घेणाऱ्याला काय काय अनुकूल असतं ते आधी पाहू. चेंडू गोलपासून ११ मीटरवर असतो. गोल ७.३२ मीटर रुंद. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात गोलरेषेवर पोहोचतो. चेंडू कुठे चाललाय हे पाहून मग सूर मारायचा म्हटलं, तर जोरदार आणि कोपऱ्यात मारलेल्या चेंडूपर्यंत गोलरक्षक पोहोचूच शकत नाही. म्हणून तो किक घेणाऱ्याच्या कमरेवरून, टेकलेल्या पायाच्या रोखावरून अंदाज बांधतो आणि किकच्या आसपासच झेपावतो. थोडक्यात, पारडं किक घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेलं असतं. तरीही रोज चेंडू हवा तिथे मारणारी माणसं शूटआउटमध्ये चुकतात.

नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेत यांनी विश्वचषक, युरो यांसारख्या मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटच्या चित्रफिती वर्षानुवर्षं तपासल्या. त्यांना एक ठळक फरक दिसला. ‘हा गोल झाला की आपण जिंकलो’ अशा क्षणी सुमारे ९२ टक्के किकवर गोल होतात. ‘ही हुकली की आपण हरलो’ अशा क्षणी मात्र हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास घसरतं. अंतर तेच, गोल तेवढाच, खेळाडूही त्याच दर्जाचे. बदलतं ते एवढंच, की पहिल्याच्या मनात मिळवायचं असतं आणि दुसऱ्याच्या मनात टाळायचं.

टाळायची ही भावना खेळाडूच्या वागण्यात दिसते. तो गोलरक्षकाकडे पाठ फिरवून मागे जातो, नजर चुकवतो आणि रेफरीची शिट्टी वाजताच धावत सुटतो. हे ओझं लवकर खांद्यावरून उतरावं, एवढंच त्याला हवं असतं. योर्डेत यांच्या नोंदींत शिट्टीनंतर अशी घाई करणारे जास्त चुकताना दिसले, आणि त्या काळात सर्वाधिक घाई करणाऱ्यांत इंग्लंडचे खेळाडू होते. खरं तर नियम अशी घाई करायला सांगत नाही. शिट्टी ही परवानगी असते. त्यानंतर एक खोल श्वास घेऊन दोन-चार सेकंद थांबलं तरी कोणी अडवत नाही.

इथे रन-अपचा प्रश्न येतो. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत खेळाडू कोपरा आधीच ठरवतो, गोलरक्षकाकडे लक्ष देत नाही आणि चार-सहा पावलांत जोरात मारतो. दुसरीत तो हळू, अडखळत येतो, कधी मध्येच उडी घेतो, गोलरक्षक आधी कुठे कलतो ते पाहतो आणि चेंडू उलट बाजूला सरकवतो. धावताना असं थबकणं नियमात बसतं. मात्र धाव पूर्ण झाल्यावर, मारायच्या क्षणी हूल देता येत नाही.

दुसरी पद्धत हुशारीची वाटते, पण तिला वेळेची कडक मर्यादा आहे. पाय चेंडूला लागायला सुमारे ०.४ सेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असताना दिशा बदलायला गेलं, तर नेम बिघडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. गोलरक्षक जागचा हललाच नाही, तर किक घेणारा अधांतरी राहतो. वेम्बलीवर इटलीच्या जॉर्जिन्योचं असंच झालं. उपांत्य सामन्यात त्याच्या त्या प्रसिद्ध उडीने स्पेनचा गोलरक्षक फसला होता आणि इटली जिंकली होती. अंतिम सामन्यात इंग्लंडचा जॉर्डन पिकफर्ड घाई न करता थांबला आणि त्याने चेंडू हाताने खांबावर ढकलला.

पहिल्या पद्धतीतला धोका वेगळा आहे. ताण वाढला की खेळाडूची नजर गोलरक्षकावर लवकर जाते आणि तिथेच रेंगाळते. जिथे नजर तिकडे पाय, त्यामुळे चेंडू मधल्या भागाकडे, म्हणजे गोलरक्षकाच्या हाताच्या टप्प्यात येतो. म्हणून कोपरा ठरवणाऱ्याने आधी त्या कोपऱ्यावर नजर स्थिर करायची, मग चेंडूवर आणायची आणि मारेपर्यंत तिथेच ठेवायची. दोन्ही पद्धतींनी गोल होतात. घात होतो तो धावता धावता एक सोडून दुसरी धरल्यामुळे.

ताण हाताळण्याची तयारी कशी असते, हे ६ जुलै २०२४ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला दिसलं. युरोच्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंड आणि स्वित्झर्लंड पुन्हा १-१ असे अडकले. २०२१ मध्ये रॅशफर्ड आणि सँचो यांना जादा वेळेच्या अगदी शेवटी मैदानात उतरवलं होतं. अंगात ऊब येण्याआधीच त्यांच्यावर किकची वेळ आली. या वेळी चित्र निराळं होतं. इंग्लंडच्या खेळाडूंनी शिट्टीनंतर घाई केली नाही. ते थांबले, त्यांनी श्वास घेतला आणि मग धावले. किक घेऊन परतणाऱ्याला भेटायला रांगेतला एक सहकारी पुढे येत होता. आयव्हन टोनीने दुसरी पद्धत टोकाला नेली: चेंडूकडे न पाहता, नजर गोलरक्षक यान सोमरवर रोखून त्याने गोल केला. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने पहिली पद्धत वापरून शेवटचा चेंडू उंच आणि सणसणीत मारला. पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्विस खेळाडूंची नावं आणि कुणासाठी कुठे झेपावायचं याच्या नोंदी होत्या. अकांजीपुढे ‘डावीकडे’ असं लिहिलं होतं. पिकफर्ड डावीकडे गेला आणि फटका अडला. इंग्लंडने पाचपैकी पाच गोल करून लढत ५-३ अशी जिंकली. तिसरी किक साकाची होती.

अर्थात तयारी म्हणजे हमी नव्हे. २०२१ मध्ये रॅशफर्डने दोनारुम्माला पूर्ण चकवलं होतं, चेंडू तरी खांबाला लागला. सरावात ऐंशी-नव्वद हजार प्रेक्षक आणता येत नाहीत, आणि हुकल्यानंतर काय होईल ही भीतीही आणता येत नाही. वेम्बलीच्या त्या रात्रीनंतर तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंना समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिव्या सहन कराव्या लागल्या. पुढच्या किकवरचं दडपण अशा वागण्यातूनही तयार होतं, आणि त्याची जबाबदारी प्रेक्षकांची असते.

आपल्याकडे कोल्हापुरात, मुंबईत किंवा गोव्यात मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांनी यातून घ्यावं असं बरंच आहे. सरावाच्या शेवटी, मुलं दमलेली असताना पेनल्टी घ्यायला लावा. प्रत्येकाला मध्यरेषेपासून एकट्याने चालत येऊ द्या. पद्धत आधी ठरवायला सांगा आणि शिट्टीनंतर एक श्वास थांबायची सवय लावा. आणि ज्याची किक हुकेल, त्याच्याकडे सगळ्यांत आधी चालत जा.