खोक्यातून आलेली चार हजार पानं

१२ मे १९९४. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक स्टॅन्टन ग्लॅन्ट्झ यांच्या खोलीत एक खोका येऊन पडला. पाठवणाऱ्याचं नाव 'मिस्टर बट्स', म्हणजे एका व्यंगचित्रमालिकेतली बोलकी सिगारेट. आत सुमारे चार हजार पानं होती आणि ती सगळी ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीची अंतर्गत कागदपत्रं होती. त्याआधी चारच आठवडे, १४ एप्रिलला, या कंपनीच्या प्रमुखांसह सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगून गेले होते की, निकोटीनचं व्यसन लागतं असं आपल्याला वाटत नाही.

ही कंपनी केंटकी राज्यातल्या लुइव्हिलची होती. मालक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, जिचा आपल्याकडच्या आयटीसीमध्येही मोठा हिस्सा आहे. कंपनीच्या वकिलांकडे मेरेल विल्यम्स नावाचा कर्मचारी जुने कागद वाचून त्यांची वर्गवारी करत असे. वाचलेलं त्याला पचलं नाही. तो कागद कपड्यांत लपवून बाहेर नेई आणि त्यांच्या प्रती काढी.

खोक्यातून आलेल्या त्या प्रतींमधलं एक टिपण जुलै १९६३चं आहे. लिहिणारे अ‍ॅडिसन येमन हे कंपनीचे वकील. निकोटीन व्यसन लावतं, तेव्हा आपला धंदा व्यसन लावणारं द्रव्य विकण्याचा आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. या समजुतीमागे मालक कंपनीने जिनिव्हात करून घेतलेलं संशोधन होतं. त्याच वेळी अमेरिकी सरकारची समिती धूम्रपानावरचा अहवाल तयार करत होती. हे संशोधन तिच्यापुढे ठेवायचं की नाही याची कंपनीत चर्चा झाली आणि ते ठेवलं गेलं नाही. १९६४च्या जानेवारीत आलेल्या अहवालाने धूम्रपानाला व्यसन न म्हणता सवय म्हटलं. कंपनीच्या घरात जे ठाऊक होतं ते सरकारला कळायला पुढे चोवीस वर्षं गेली.

अहवालानंतर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने नियम आणला: सिगारेटने कर्करोग होऊन मृत्यू येऊ शकतो, असा इशारा पाकिटावर आणि जाहिरातीतही छापायचा. तो रोखण्यासाठी कंपन्यांनी कामाला लावले ते केंटकीचेच माजी सिनेटर अर्ल क्लेमेंट्स. १९६५च्या कायद्यात इशारा उरला तो आरोग्याला अपाय होऊ शकतो, एवढाच, आणि तोही फक्त पाकिटावर. जाहिरातींना हात लावायला आयोगाला चार वर्षं मनाई झाली. राज्यांनी स्वतःचे कडक इशारे छापायला लावू नयेत, हीसुद्धा सोय कायद्यातच झाली. मला यातली ही शेवटची मेख सर्वांत घातक वाटते. इशाऱ्याचा कायदा म्हणून लोकांनी ज्याचं स्वागत केलं, तोच कंपन्यांची ढाल झाला.

आता स्वादाकडे. १९७२च्या एका टिपणात ब्राउन अँड विल्यमसनसाठी तरुणांच्या सिगारेटच्या कल्पना मांडल्या आहेत: कोलाच्या चवीची, सफरचंदाच्या चवीची, गोड. किशोरवयीन मुलांना गोड आवडतं हे सर्वांना माहीत आहे, तेव्हा मधाचाही विचार करावा, असं त्यात लिहिलेलं आहे. पण कंपनीचा मोठा धंदा होता कूल या मेंथॉल सिगारेटचा. नवशिक्याला पहिला झुरका घशात टोचतो, ठसका लागतो, आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. मेंथॉल थंडपणा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यामुळे घशाची जळजळ दबते, धूर खोल ओढता येतो आणि शरीराने दिलेली सूचना ऐकूच येत नाही. अमेरिकेने २००९ साली सिगारेटमधले फळांचे आणि मिठाईचे स्वाद बंद केले, पण मेंथॉल वगळलं. त्यावरच्या बंदीचा प्रस्ताव २०२२ साली आला, रखडला आणि जानेवारी २०२५मध्ये मागे घेतला गेला.

कूलच्या नावाने जाझ संगीताचे महोत्सव भरत. सिनेमाही सुटला नाही: आपल्या पाच चित्रपटांत कंपनीचा माल वापरण्याचं पाच लाख डॉलरच्या बदल्यात कबूल करणारं सिल्व्हेस्टर स्टॅलोनचं १९८३चं पत्र या कागदांमध्ये आहे.

आपल्याकडे ही जागा क्रिकेटने घेतली. आयटीसीचं विल्स हे नाव भारतीय खेळाडूंच्या सदऱ्यावर होतं आणि १९९६चा विश्वचषकही विल्सचाच होता. त्याच वर्षी गोव्यातल्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांची पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. विल्सने पुरस्कृत केलेले सामने दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू चाखून पाहण्याकडे अधिक कल दिसला. सिगारेट ओढल्याने खेळ सुधारतो, अशीही समजूत काहींची झाली होती. मैदानावर कोणीही सिगारेट ओढत नव्हतं; सदऱ्यावरचं नाव पुरेसं ठरलं. कायदा येणार हे दिसू लागल्यावर २००१मध्ये आयटीसी या प्रायोजकत्वातून बाहेर पडली. २००३च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वाला बंदी घातली. पण तंबाखूच्याच ब्रँडच्या नावाने वेलची किंवा पानमसाला विकता येतो, आणि त्या जाहिराती आजही सामन्यांच्या मध्ये लागतात.