जुनी खाती, नवा प्रतिनिधी

कीटकनाशके आणि बुरशीनाशके विकणाऱ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी बदलला की त्याच्या भागातील कृषी सेवा केंद्रांची खाती नव्या माणसाकडे येतात. निफाड-दिंडोरीसारख्या द्राक्षपट्ट्यात एका प्रतिनिधीकडे अशी अनेक दुकाने असतात. ही खाती त्याने स्वतः मिळवलेली नसतात. दुकानदाराच्या मनात मात्र प्रश्न ठरलेले असतात: आधीचाच रेट मिळेल का, उधारीची मुदत तीच राहील का, आणि आधीच्या साहेबांनी कबूल केलेले पैसे आता कोण देणार? यातला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड असतो आणि पहिल्या भेटीत तो बहुधा उघड विचारला जात नाही.

भेटीची तयारी कार्यालयातच सुरू होते. प्रत्येक दुकानाचा खातेउतारा, थकबाकी किती दिवसांची आहे याचा तक्ता, गेल्या दोन हंगामांतील विक्री आणि मंजुरीसाठी अडकलेले दावे, एवढे कागद आधी वाचावे लागतात. दुकानाच्या परवान्यात आपल्या कंपनीच्या प्रमाणपत्राची नोंद आहे की नाही, हेही तेव्हाच पाहिलेले बरे. ऐन हंगामात ती त्रुटी निघाली तर माल पाठवताच येत नाही. जुना प्रतिनिधी अजून कंपनीत असेल, तर मोठ्या दुकानांना दोघांनी मिळून भेट देणे सर्वांत चांगले. दुकानदारासमोर जुन्यानेच ‘मी हे कबूल केलं होतं’ किंवा ‘हे नव्हतं केलं’ असे सांगितले, की पुढचे कित्येक वाद जन्मालाच येत नाहीत. तो प्रतिस्पर्धी कंपनीत गेला असेल तर ही सोय उरत नाही. मग कागदांवरच विसंबावे लागते.

प्रत्यक्ष भेटीआधी एक छोटा संदेश पाठवावा. त्यात गोडवा कमी आणि कामाची माहिती जास्त असावी: ‘नमस्कार भाऊ. आपल्या भागाचं काम आता माझ्याकडे आहे. चालू दरपत्रक आणि उधारीची मुदत आहे तशीच आहे. आपला खातेउतारा घेऊन बुधवारी दुपारी दोननंतर येतो. आपल्याकडची बिलं आणि माल परतीच्या पावत्या काढून ठेवाल का? पैसे नेहमीप्रमाणे फक्त कंपनीच्या खात्यातच भरावेत.’ शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. माणसे बदलण्याच्या काळात कोणाच्या तरी हाती रोख रक्कम दिली जाते आणि तिची पावती पुढे सापडत नाही. दुपारची वेळही मुद्दाम निवडलेली आहे. सकाळी काउंटरवर शेतकऱ्यांची गर्दी असते आणि त्या गर्दीत हिशोबाचे बोलणे दुकानदाराला परवडत नाही.

या भेटीतले सर्वांत धोक्याचे वाक्य म्हणजे ‘काळजी करू नका, काहीच बदलणार नाही’. ते धीर देणारे वाटते, पण दरपत्रक प्रतिनिधीच्या हातात नसते. हंगामाआधी कंपनी दर बदलू शकते. शिवाय दुकानदार ज्याला रेट म्हणतो तो बिलावरचा भाव नसतो. बिलाच्या भावातून प्रमाणावरची सूट, लवकर पैसे भरल्याची सूट आणि हंगामअखेरची उलाढालीवरची सूट वजा करून त्याला माल कितीला पडला, तोच त्याचा रेट. बिलाचा भाव तसाच राहिला आणि उलाढालीची सूट कमी झाली, तरी त्याच्या लेखी भाव वाढलेलाच असतो. म्हणून या चारही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात: आज काय लागू आहे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नोंदवलेली पण न आलेली ऑर्डर कोणत्या भावाने येणार. पुढे भाव बदललाच तर किती दिवस आधी कळवले जाईल, हे सांगता येते. भाव बदलणार नाही, हे सांगता येत नाही.

खरी कसोटी हिशोबाच्या वेळी लागते. समजा, कंपनीच्या खात्यात एका दुकानाकडे ४,८०,००० रुपये येणे दिसते आणि दुकानदाराच्या वहीत देणे ४,१२,००० आहे. फरक ६८,००० रुपयांचा. समोरासमोर बसून एकेक नोंद जुळवली, तर हा फरक तीन तुकड्यांचा निघतो. ३१,००० रुपयांचा माल परत गेला आहे, वाहतुकीची पावती आहे, पण क्रेडिट नोट आलेली नाही. २२,००० रुपये योजनेच्या सुटीचे आहेत. योजनेचे परिपत्रक आहे, मात्र दावा पुढे गेलेलाच नाही. उरलेले १५,००० म्हणजे आधीच्या प्रतिनिधीने ‘शेजारच्या दुकानाला कमी भाव दिला, तुमचा फरक काढून देतो’ असे तोंडी सांगितलेले पैसे.

या तिघांना एकच उत्तर देणे चूक आहे. पहिल्या रकमेची पावतीची प्रत डेपोकडे पाठवून तिथल्या माणसाशी दुकानदारासमोरच फोनवर बोलता येते. दुसऱ्या रकमेसाठी परिपत्रक, बिले आणि दावा असा कागद बनतो, पण त्याला मुदतीचे भान हवे. जीएसटी कायद्यानुसार एखाद्या आर्थिक वर्षातील बिलावर कर कमी करणारी क्रेडिट नोट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोपर्यंतच, विचारात घेता येते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीच्या औषधांची धावपळ असते आणि ही तारीख नेमकी त्यातच निसटते. तिसऱ्या रकमेबद्दल ‘देतो’ही म्हणायचे नाही आणि ‘असं काही नव्हतंच’ही म्हणायचे नाही. ‘याचा कागद माझ्याकडे नाही. मी वरिष्ठांना लेखी विचारतो आणि शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवतो’ एवढेच खरे उत्तर आहे. नकार आला तर तोही त्याच शनिवारी कळवावा लागतो. नकाराने दुकानदार चिडतो, पण तीन महिने टोलवाटोलवी झाली तर तो पुढची ऑर्डरच दुसऱ्या कंपनीला देतो.

आधीच्या माणसावर ठपका ठेवण्याचा मोह इथे होतोच. तो टाळलेला बरा, कारण दुकानदाराचे त्याच्याशी घरोब्याचे संबंध असू शकतात. शिवाय दुकानदाराच्या दृष्टीने तो शब्द कंपनीचाच होता. पहिल्याच भेटीत वसुलीचा तगादा लावणे किंवा महिन्याचे टार्गेट भरण्यासाठी माल गळ्यात मारणे याचेही असेच होते. त्या दिवशी माल जातो आणि हंगामअखेर मुदत संपलेले डबे होऊन परत येतो.

सेवा तशीच राहील, हे मात्र बोलून पटवता येत नाही. एखादा शेतकरी ‘फवारूनही डाउनी थांबला नाही’ अशी तक्रार घेऊन काउंटरवर येतो, तेव्हा दुकानदार नव्या प्रतिनिधीला पहिल्यांदा मनापासून तपासतो. प्रतिनिधीने प्लॉटवर जाऊन औषधाची मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणीची वेळ आणि त्यानंतरचा पाऊस पाहिला, तर औषध कमी पडले की फवारणी उशिरा झाली, हे बहुतेक वेळा कळते. दुकानदाराला शेतकऱ्यापुढे उभे राहायला आधार मिळतो.

खाते हातचे जात असेल तर दुकानदार तसे सांगत नाही. तो पैसे वेळेवर भरतो, चहाही पाजतो; फक्त ऑर्डरमध्ये शेतकरी नाव घेऊन मागतात तीच एक-दोन औषधे उरतात आणि बाकीचे कप्पे दुसऱ्या कंपनीच्या मालाने भरतात. म्हणून नव्या प्रतिनिधीने थकबाकीच्या तक्त्याबरोबरच कोणत्या दुकानाने कोणते औषध घेणे थांबवले, याची यादी दर महिन्याला काढावी आणि त्या दुकानांकडे आधी जावे. वरच्या उदाहरणातील दुकानाचा हिशोब ३१,००० आणि २२,००० च्या क्रेडिट नोट आल्यावर आणि १५,००० चा निर्णय लेखी कळवल्यावर पुन्हा मांडला जातो. दोन्ही वह्यांत एकच आकडा आला की शिल्लक-पत्रावर दोघांच्या सह्या होतात आणि त्याची एक प्रत दुकानात राहते.